कंदील आणि वाळूचं घड्याळ

‘सध्या एकटंच राहावं का?’ असं मनात धरून कुणी पत्ते पिसले आणि नेमकं हर्मिट निघालं, की समोरच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो. बर्फाळ शिखरावर एकटा उभा म्हातारा. राखाडी झगा, लांब पांढरी दाढी, एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील. मराठी डोळ्यांना यात लगेच बैरागी दिसतो, आणि बैरागी म्हणजे संसार सोडलेला. मग मुलीला वाटतं, कार्डानं होकार दिला. सोबत आलेल्या आईला वाटतं, हिच्या नशिबात लग्नच नाही. दोघींचीही घाई होते.

आज बहुतेकांच्या हातात असतो तो डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. आर्थर एडवर्ड वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं. या चित्रातला म्हातारा काही शोधतोय असं आपण धरून चालतो, पण वेट यांनी तसं नसल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. त्यांच्या मते हा पोहोचलेला माणूस आहे, आणि त्याचा कंदील खालून चढणाऱ्यांना दिसावा म्हणून वर धरलेला आहे. म्हणजे त्याला माणसं नकोशी झालेली नाहीत. एकटेपणाच्या प्रश्नात हे कार्ड आलं की मी पहिल्यांदा हेच सांगते, कारण ‘मला कुणी नकोच’ हे वाक्य या चित्रात बसत नाही.

त्याही आधीची गोष्ट मला जास्त उपयोगी वाटते. टॅरो मुळात इटलीत पंधराव्या शतकात खेळायचे पत्ते म्हणून जन्मले. त्यावरून भविष्य सांगण्याची रीत रुळली ती अठराव्या शतकात. मिलानच्या सरदारघराण्यासाठी रंगवलेल्या जुन्या पत्त्यांत याच म्हाताऱ्याच्या हातात कंदील नाही, वाळूचं घड्याळ आहे. तो तेव्हा ‘काळ’ होता. पुढे कधीतरी घड्याळाचा कंदील झाला. विचारणाऱ्याच्या प्रश्नात ‘सध्या’ हा शब्द असतो, तेव्हा मला ते जुनं घड्याळ आठवतं. सध्या म्हणजे कधीपर्यंत, हे न ठरवता विचारलेला प्रश्न अर्धाच असतो.

म्हणून पत्ते पिसण्याआधी मी प्रश्न बदलून घेते. ‘एकटं राहणं शहाणपणाचं आहे का?’ याला हो-नाही असं उत्तर येतं, आणि हो-नाहीत कार्डाचं चित्र वायाच जातं. त्याऐवजी तीन जागा ठरवते. डावीकडे, हा एकटेपणा कशातून आला. मध्ये, तो आत्ता काय काम करतोय. उजवीकडे, त्यात काय नजरेआड राहतंय.

मध्यंतरी माझ्याकडे एक एकतीस वर्षांची मुलगी आली होती. दोन वर्षांचं नातं तुटून आठ महिने झालेले, आणि घरी स्थळांचे फोटो यायला लागलेले. तिनं पिसले, तिनंच तीन पत्ते काढले. डावीकडे पाच पेले, मध्ये सुलटं हर्मिट, उजवीकडे दोन तलवारी.

“ताई, मधलं चांगलंय ना?” तिचा पहिला प्रश्न.

चांगलं-वाईट बाजूला ठेवून मी तिला म्हाताऱ्याची नजर बघायला सांगितली. या डेकमध्ये हर्मिटचं तोंड आणि कंदील, दोन्ही बघणाऱ्याच्या डाव्या हाताला असतात. मांडणीत त्याच्या डावीकडे जे कार्ड पडतं, त्यावर त्याचा उजेड पडतो असं धरून वाचायची एक पद्धत आहे. इथं तो पाच पेल्यांवर पडत होता. त्या चित्रात काळा झगा घेतलेला माणूस मान खाली घालून सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतोय. त्याच्या मागे दोन पेले उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. चित्रात ते उजव्या कडेला आहेत, म्हणजे या मांडणीत हर्मिटच्या कंदिलाच्या सगळ्यात जवळ.

“या आठ महिन्यांत तुझं काय शिल्लक राहिलं?” मी विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, नातं होतं तेव्हा बंद पडलेला गाण्याचा क्लास तिनं पुन्हा धरलाय, आणि धाकट्या भावाशी दोन वर्षं नीट बोलणं नव्हतं, ते सुरू झालंय. दोन पेले. इथपर्यंत तिचं एकटं राहणं मला खरोखर कामाचं वाटत होतं, कारण त्या वेळात ती काहीतरी बघत होती, मोजत होती.

इथंच थांबले असते तर ती खुश होऊन गेली असती. पण उजवं कार्ड म्हाताऱ्याच्या पाठीमागे पडलं होतं, कंदिलाच्या उजेडाबाहेर. दोन तलवारी म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून, छातीवर दोन तलवारींची फुली धरून बसलेली बाई. मागे समुद्र आणि चंद्रकोर. लोंबकळत ठेवलेल्या निर्णयाचं हे कार्ड आहे. कशाचा निर्णय, ते कार्ड सांगत नाही. मी तिलाच विचारलं. त्या मुलाचे मेसेज अजून येतात, असं ती म्हणाली. ती उत्तर देत नाही, पण नंबरही ब्लॉक केलेला नाही. आणि आईला ‘आत्ता नको’ एवढंच सांगितलंय, का नको ते नाही. माझं वाचन मी तिला सरळ सांगितलं: मागचं नीट बघून होईपर्यंत एकटं राहणं शहाणपणाचं, पण हा मेसेजचा प्रश्न टाळायला ‘मी सध्या एकटीच बरी’ म्हणत असशील तर नाही.

हर्मिट उलटं पडलं असतं तर मी जास्त सावध झाले असते. उलट्या कार्डाच्या अर्थांत वेट यांनी लपवाछपवी, भीती आणि विनाकारण सावधगिरी दिली आहे. त्याहून चमत्कारिक म्हणजे, सुलट्या कार्डाच्या अर्थांतही शहाणपणासोबत दगा आणि ढोंग आहे. आजची पुस्तकं हे सहसा गाळतात. मला ते ठेवावंसं वाटतं, कारण एकटेपणाच्या बाबतीत माणूस सर्वांत सहज फसवतो तो स्वतःला. भीतीला शहाणपणाचा झगा चढवलाय का, हे ओळखायला मी एक साधा प्रश्न विचारते: ‘उद्या आवडेल असं कुणी भेटलं तर?’ ‘बघू की’ असं उत्तर आलं तर ठीक. ‘भेटणारच नाही’ असं ताडकन आलं, तर कार्ड सुलटं असो की उलटं, मी ते उलटंच वाचते.

एक चूक सर्रास होते. हर्मिटचा क्रमांक नऊ, म्हणून नऊ महिने थांबा, असं सांगून टाकतात. पत्त्यावरचा आकडा हा क्रम आहे, मुदत नव्हे. आणि हवं ते येईपर्यंत पुन्हा पुन्हा पत्ते काढणं तर निव्वळ हिशेबातच बसत नाही. अठ्ठ्याहत्तर पत्त्यांतून तीन काढले, तर त्यांत हर्मिट असण्याची शक्यता सव्विसात एक. चिकाटीनं काढत राहिलं तर ते कधीतरी येणारच, आणि तेव्हा ते तुमच्याबद्दल काही सांगत नसेल. सांगायचं तर पहिल्या वेळीही पत्ता काही जाणून येत नाही. तो एक चित्र समोर ठेवतो, बोलायचं माणसालाच असतं. कुणी झोप, जेवण, माणसं सगळंच सोडलेलं दिसलं तर मी डेक पिशवीत घालते आणि डॉक्टरांकडे जायला सांगते.

ती निघताना म्हणाली, “आईला दिवाळीपर्यंतचा वेळ मागते. चालेल? एक कार्ड काढू का त्यासाठी?”

मी पत्ते आधीच गोळा केले होते. दिवाळी कधी आहे ते बघायला तिनं फोनमधलं कॅलेंडर उघडलं.