माजी विद्यार्थ्यांची यादी ऑनलाइन: फोन नंबर नेमका कोणाला दिसायला हवा?

परभणीचं कृषी महाविद्यालय १९५६चं. तिथे पुढे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आलं. एवढ्या जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाला वेबसाइट करायची झाली, तर काय ठरवावं लागेल?

पहिला मोह असतो हाताशी असलेली एक्सेल शीट किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले नंबर थेट साइटवर चढवण्याचा. तिथेच घोळ होतो. ग्रुपमध्ये नंबर देणं म्हणजे तो इंटरनेटवर टाकायला होकार देणं नव्हे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती ठरावीक कामापुरतीच धरली आहे, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. त्यामुळे जुन्या यादीतल्या प्रत्येकाला फक्त निमंत्रण पाठवावं, माहिती ज्याची त्याने भरावी.

समजा, १९९८च्या बॅचची एक विद्यार्थिनी आज तालुक्यात कृषी अधिकारी आहे. तिचं नाव, बॅच आणि शाखा सदस्यांना दिसायला हरकत नाही. नोकरीचं ठिकाण दाखवायचं की नाही, ते तिने ठरवावं. मोबाइल आणि ईमेल मात्र सुरुवातीपासून बंद. बहुतेक लोक सेटिंग उघडूनही पाहत नाहीत, म्हणून जे आधीपासून ठरलेलं असतं तेच कायम राहतं. मग मित्रमैत्रिणींनी तिला गाठायचं कसं? साइटवर ‘संदेश पाठवा’ बटण द्यायचं. निरोप तिच्या ईमेलवर जातो, पण पाठवणाऱ्याला पत्ता कळत नाही. उत्तर द्यायचं की नाही, ही तिची मर्जी.

सदस्य खरा आहे का, हे तपासताना नाव आणि बॅच पुरत नाही. ते कुणालाही माहीत असतं. बियाणं किंवा विमा विकणाराही त्यावर आत शिरेल. त्याच बॅचच्या एका प्रतिनिधीने ओळख पटवल्यावरच खातं सुरू करावं.

स्नेहमेळाव्याच्या पानालाही दोन थर हवेत. तारीख आणि ठिकाण सगळ्यांना दिसू द्या, कोण येणार ती यादी मात्र लॉगिननंतरच.

नंबर खरंच लपलाय का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. एका सदस्याने नंबर बंद ठेवावा, दुसऱ्याने लॉगिन करून त्याचं पान उघडावं आणि ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू पेज सोर्स’ पाहून नंबर शोधावा. तिथे सापडला, तर तो फक्त पडद्यावर झाकलाय, सर्व्हर अजून पाठवतोच आहे. मग त्याच पानाची लिंक लॉगिन न करता, इनकॉग्निटो विंडोत उघडायची. तिथे फक्त लॉगिनचं पान यायला हवं.

उरतो सगळ्यात साधा धोका: संपूर्ण यादी डाउनलोड करण्याचं बटण. ते दोघांपेक्षा जास्त पदाधिकाऱ्यांकडे नसावं, आणि कार्यकारिणी बदलली की त्याच दिवशी जुन्यांचा प्रवेश बंद करावा.