विक्री-परत मालाचा हिशेब : एक पत्र नीट लिहिताना

आपला माल दुसऱ्याच्या दुकानात ठेवायचा. खपला तर दुकानदाराने आपले कमिशन कापून घेऊन बाकी रक्कम पाठवायची, आणि न खपला तर माल परत करायचा. पुस्तकांच्या धंद्यात या बोलीला ‘विक्री-परत’ म्हणतात. या व्यवहारात भांडणे होतात ती बहुधा दरावरून नव्हेत, तर हिशेबाच्या पत्रावरून. हल्ली हे पत्र ईमेलने जाते, एवढाच काय तो फरक.

एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका लहान प्रकाशकाने कोल्हापूरच्या दुकानाला दोन पुस्तके पाठविली. ३०० रुपयांच्या कादंबरीच्या ४० प्रती, आणि २०० रुपयांच्या प्रवासवर्णनाच्या ३० प्रती. तीन महिन्यांनी त्याने ईमेलचा मसुदा केला तो असा : “पाठविलेल्या ७० प्रतींपैकी २४ परत मिळाल्या. म्हणजे ४६ प्रती विकल्या गेल्या. त्यांवर ३० टक्के कमिशन देय आहे. तरी हिशेब त्वरित मिटवावा.”

वाचायला कसे सुटसुटीत वाटते, नाही का? पण यात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा ‘म्हणजे’ या शब्दात आहे. परत आली नाही ती प्रत विकलीच गेली असे कोणी सांगितले? ती दुकानाच्या फळीवर उभी असू शकते, वाटेत असू शकते किंवा गहाळही झालेली असू शकते. दुकानाच्या यादीप्रमाणे विक्री कादंबरीच्या २३ आणि प्रवासवर्णनाच्या १८, अशी ४१ प्रतींची होती. कादंबरीच्या ४ प्रती फळीवर होत्या आणि एकीचा पत्ता नव्हता. प्रकाशकाच्या ४६ प्रतींच्या हिशेबाने मागणी होते ८,४०० रुपयांची. खरे येणे आहे ७,३५० रुपये. हे १,०५० रुपये पाहून दुकानदाराला वाटणार, न विकलेल्या मालाचे पैसे मागतात की काय! वास्तविक फळीवरचा माल विकला जाईपर्यंत प्रकाशकाच्याच मालकीचा असतो. तेव्हा त्याचे पैसे मागण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा खड्डा ‘देय’ या शब्दाचा. कमिशन देय आहे खरे, पण कोणी कोणाला? गिऱ्हाइकाचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात आधीच जमा झालेले आहेत. म्हणून कमिशन वेगळे द्यायचे नसते, ते वजा करून उरलेली रक्कम पाठवायची असते. मोघम लिहिले की दुकानाचा कारकून कमिशन कापतो आणि वर प्रकाशकाकडून त्याची वाटही पाहतो.

आता तेच पत्र असे लिहून पाहा :

“विषय : जुलै ते सप्टेंबर हिशेब, चलन क्रमांक ११२

सप्रेम नमस्कार. आपण पाठविलेल्या विक्रीयादीवरून केलेला हिशेब खाली देत आहे.

कादंबरी (३०० रु.) : पाठविल्या ४०; विकल्या २३; परत मिळाल्या १२; आपल्याकडे शिल्लक ४; मेळ न लागलेली १.
प्रवासवर्णन (२०० रु.) : पाठविल्या ३०, विकल्या १८, परत मिळाल्या १२, शिल्लक नाही.

विक्रीची छापील किंमत : ६,९०० + ३,६०० = १०,५०० रु.
वजा आपले ३० टक्के कमिशन : ३,१५० रु.
आपण आम्हांस पाठवावयाची रक्कम : ७,३५० रु.

शिल्लक ४ प्रती पुढील तिमाहीच्या हिशेबात आरंभी धरल्या आहेत. मेळ न लागलेली प्रत कृपया आपल्याकडे शोधावी. तिची रक्कम तूर्त धरलेली नाही. आकड्यांत फरक आढळल्यास १५ तारखेपर्यंत कळवावे.”

या पत्राची परीक्षा मंडळींना घरबसल्या करता येईल. विकल्या, परत, शिल्लक आणि मेळ न लागलेल्या यांची बेरीज प्रत्येक पुस्तकापुरती पाठविलेल्या प्रतींइतकी भरली पाहिजे. २३, १२, ४ आणि १ मिळून ४०. १८ आणि १२ मिळून ३०. ही बेरीज जमत नसेल तर रुपयांकडे वळूच नये. ‘परत’च्या रकान्यात मात्र आपल्या हाती येऊन मोजल्या गेलेल्या प्रतीच धराव्यात. दुकानातून निघालेले पण अजून न पोचलेले पार्सल निराळे दाखवावे, नाहीतर तीच प्रत दोन तिमाहींत दोनदा परत येते!

एक गोष्ट मात्र पत्राने सुटत नाही. ती आधीच ठरवावी लागते. दुकानाने कादंबरी सवलतीत २७० रुपयांना विकली, तर कमिशन कशावर? छापील किमतीवर असे ठरले असेल, तर दुकानाच्या ९० रुपयांतून सवलतीचे ३० जातात, त्याला ६० उरतात, आणि प्रकाशकाचे २१० शाबूत राहतात. तसे ठरलेले नसेल, तर दोघेही आपापल्या परीने बरोबरच असतात. म्हणून पत्रात नुसते ‘किंमत’ न लिहिता ‘छापील किंमत’ असे लिहावे.