चौथ्या चरणातली जागा

पुण्याचा मुक्काम हलवून ज्ञानेश्वरांची पालखी सासवडला पोचते, तो वारीतला सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक. जवळपास 30 किलोमीटर, त्यात दिवे घाटाची चढण. एकट्या गळ्यापासून शेकडो कंठांच्या गजरापर्यंत अभंग कसा वाढत जातो, हे ऐकायला हा एक दिवस पुरतो.

आधी अभंगाचा बांधा पाहू. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. भजनी ठेका आठ मात्रांचा. सोप्या चालीत एकेक चरण एकेका आवर्तनात बसवला, तर सहा अक्षरं थोडी ओढून आवर्तन भरतं. चौथ्या चरणाला मात्र शब्द चारच मात्रांना पुरतात आणि उरलेलं अर्धं आवर्तन मोकळं राहतं. त्या मोकळ्या जागेचं काय करायचं, हा एकट्याच्या आणि समूहाच्या गाण्यातला खरा फरक आहे. आवाज किती मोठा, हा नंतरचा मुद्दा.

पहाटेचा काकडा ऐका. टाळ हळू आणि एखादाच, मृदंग जवळजवळ गप्प. गाणारा एकटा असतो, म्हणून ती जागा तो स्वतः भरतो: शेवटचं अक्षर लांबवतो, एखादी हरकत घेतो, किंवा नुसता श्वास घेतो. हाच स्वभाव मैफलीच्या अभंगात वाढीला लागला. तुकारामांचं ‘सुंदर ते ध्यान’ श्रीनिवास खळ्यांच्या चालीत लता मंगेशकरांनी गायलं, त्यात शब्द संपल्यावरही सूर चालू राहतो. भीमसेन जोशींच्या ‘संतवाणी’त ती जागा आलाप आणि ताना घेतात. या चाली मला प्रिय आहेत, पण दिंडीत त्या टिकत नाहीत. त्यांचा पल्ला मोठा, वळणं बारीक. धाप लागलेल्या माणसाला ती घेता येत नाहीत. एकट्याने चालताना मात्र त्या गुणगुणाव्यात, पट्टी दोन सूर खाली घेऊन.

रस्त्याला लागल्यावर ती जागा समूहाच्या मालकीची होते. विणेकरी चरण सांगतो आणि चौथ्या चरणाची चार अक्षरं संपायच्या आतच टाळकरी ध्रुपद उचलतात. विणेकऱ्याला तेवढ्यात श्वास मिळतो. पुढची रांग म्हणते तेव्हा मागची श्वास घेते, मागची उचलते तेव्हा पुढची. म्हणूनच दिवसभर चालूनही गळे टिकतात. पुरुष टाळावर असताना डोक्यावर तुळस घेतलेली एखादी मावशी स्वतःशीच ओवी म्हणत असते. तिचा ठेका तिच्या पावलांचा.

घाटात पाऊल लहान पडतं आणि लय मात्र चढू पाहते. नवखा मृदंगमणी इथे फसतो. जोश वाढवायला तो लग्गी लावतो, ठेका दुप्पट होतो आणि सहा अक्षरांचा चरण तोंडात मावेनासा होतो. याची खूण सोपी: चौथ्या चरणाचं शेवटचं अक्षर ऐकू येईनासं झालं, की लय जास्त झाली. जाणता विणेकरी अशा वेळी अभंग सोडून देतो आणि ‘ज्ञानबा तुकाराम’चा गजर धरतो. त्यात अर्थाचा चरण सांभाळायचा नसतो, म्हणून तो चढत्या लयीला पुरून उरतो. आठ-आठ अक्षरांचा छोटा अभंगही द्रुत लयीत बरा बसतो. तो आवर्तन पुरं भरतो. पण त्यात उसंत नाही, हे लक्षात ठेवून बेतानेच घ्यावा.

दुसरी अडचण लांबीची. दिंडी 34 मीटर लांब पसरली, तर पुढच्या टाळाचा आवाज मागे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. संथ लयीत ते कळत नाही. सेकंदाला दोन मात्रा पडू लागल्या की तो उशीर मात्रेच्या पाचव्या हिश्शाएवढा होतो आणि मागचे टाळ फुटल्यासारखे ऐकू येतात. मागच्यांना कितीही दटावलं तरी फरक पडत नाही. मृदंग मध्ये घ्यावा आणि रांगा आखडाव्यात, एवढाच उपाय. ध्वनिवर्धकाच्या गाडीमागे चालणाऱ्या जथ्यांत हा घोळ हमखास दिसतो, कारण तिथे मागचे टाळकरी गाडीला ऐकतात आणि पुढचे स्वतःला.

संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोळा होतात तेव्हा टाळांचा कल्लोळ शिगेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि एकदम सगळं थांबतं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती थांबत नाही. टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातो, काय झालं ते विचारतो, आणि गाऱ्हाणं ऐकल्यावरच आरती सुरू होते.