एक मिलिमीटरची गोलाई

बालाघाट जिल्हा भाताचा आणि मँगनीजचा. भातगिरणीतला एलिव्हेटर असो की खाणीतला पंप, त्याचा शाफ्ट बेअरिंगवरच फिरतो. समजा, अशा एका शाफ्टवर ६२०८ क्रमांकाचे बेअरिंग बसवायचे आहे. शाफ्ट ४० मिलिमीटर जाडीचा. बेअरिंग जिथे टेकून थांबते, तिथे तो ४७ मिलिमीटरचा होतो. हा त्याचा खांदा. खांद्याच्या आतल्या कोपऱ्यात टर्नर जी गोलाई ठेवतो, ती फिलेट. ती किती मोठी चालेल?

शाफ्टला विचाराल तर मोठीच बरी. धारदार कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि तिथूनच तडा जातो. रेल्वेचे आस खांद्यापाशी का तुटतात, हे अभियंता रँकिनने १८४३ मध्येच मांडले होते. आपल्या शाफ्टवर ०.२ मिलिमीटरची गोलाई ठेवली, तर वाकताना कोपऱ्यातला ताण तिपटीच्याही वर जातो. १ मिलिमीटरला तो दुपटीच्या थोडा वर राहतो.

मग २ मिलिमीटर का नको? कारण बेअरिंगच्या आतल्या रिंगचा कोपरा, म्हणजे चॅम्फर, १.१ मिलिमीटरइतका लहान असू शकतो. तो गोल आहे असे धरले, तर रिंग खांद्यापासून ०.९ मिलिमीटर अलीकडेच फिलेटवर चढू लागते. हिशेब फक्त वजाबाकीचा: २ वजा १.१. पुढे ठोकली तर ती पाचरीवर चढल्यासारखी ताणली जाते, तिरकी बसते, कधी तडकतेही.

फसगत इथेच होते. याच बेअरिंगचा चॅम्फर खांद्याच्या दिशेने २ आणि शाफ्टच्या दिशेने ३.५ मिलिमीटरपर्यंत असला तरी तो मान्य असतो. म्हणून एका शाफ्टवर जुने बेअरिंग नीट बसते आणि त्याच क्रमांकाचे नवे अडते.

मला सर्वांत थक्क करते ती आयएसओ ५८२ या मानकातली युक्ती. चॅम्फरचा आकार नेमका कसा असावा, हे ते सांगतच नाही. १.१ मिलिमीटर त्रिज्येची एक काल्पनिक कमान ते आखते आणि रिंगचे पोलाद त्या कमानीबाहेर येऊ नये, एवढेच बजावते. बेअरिंग कुठल्याही देशात बनो, त्या कमानीहून लहान फिलेट त्याला कधीच अडवणार नाही. कॅटलॉग आणखी थोडी मोकळीक ठेवून कमाल फिलेट १ मिलिमीटर सांगतो.

बसवल्यावर रिंग आणि खांदा यांच्यामध्ये फीलर गेजची सर्वांत पातळ पट्टी घालून पाहावी. ती चहूबाजूंनी आत गेली, तर फिलेटचा संशय घ्यावा. मात्र तापवून बसवलेली रिंग थंड होताना आक्रसूनही फट सोडते, म्हणून बेअरिंग चढवण्याआधीच कोपऱ्याला रेडियस गेज लावलेले उत्तम.

भारामुळे मोठी फिलेट हवीच असेल, तर खांदा आणि बेअरिंग यांच्यामध्ये आतून मोठा चॅम्फर काढलेली कॉलर घालावी. मापासाठी मात्र हातातले बेअरिंग मोजू नका; कॅटलॉगमधला आकडाच धरा.