दीडशे डॉलरची बंदूक

शस्त्रांची ताकदीनुसार एस, ए, बी अशी उतरंड म्हणजे टियर लिस्ट, आणि त्या काळात जिंकून देणारी खेळण्याची प्रचलित पद्धत म्हणजे मेटा. खेळाची कंपनी बॅलन्स पॅच काढते तेव्हा दोन्ही बदलतात.

‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये दुर्बीण लावलेली ऑग रायफल वर्षानुवर्षे दुर्लक्षित होती. ऑक्टोबर 2018 मध्ये व्हॉल्व्हने तिची किंमत खेळातल्या 3300 डॉलरवरून 3150 केली. 3100 डॉलरच्या एम4ए4पेक्षा ती आता फक्त 50 डॉलरने महाग उरली. अचूकता मुळातच होती, अडत होते ते पैशांपाशी. हळूहळू व्यावसायिक संघांनीही तिला आपलेसे केले. बंदूक तीच राहून क्रम बदलला, हे खरे लक्षणीय. 2019 मध्ये व्हॉल्व्हने किंमत पुन्हा 3300 केली.