जुना फोन मुलीच्या हाती देताना

घरात नवा फोन आला की जुना मुलांकडे जातो, आणि बऱ्याचदा त्यात बाबांचेच गूगल खाते चालू राहते. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ची बंधने मुलाच्या स्वतःच्या खात्याला लागतात. त्यामुळे अशा फोनवर ती चालतच नाहीत. म्हणून आधी हवे ते फोटो काढून घ्या, फोन रीसेट करा आणि मुलाची खरी जन्मतारीख टाकून त्याचे वेगळे खाते उघडा. वय १३च्या आत असेल तर गूगल पालकाच्या खात्यातून संमती मागते. पुढचे सगळे नियंत्रण तुमच्या फोनवरच्या फॅमिली लिंक ॲपमधून होते.

समजा मुलगी पाचवीत आहे. शाळेच्या दिवशी एक तास, रविवारी दोन तास आणि रात्री नऊ ते सकाळी साडेसहा फोन बंद, एवढे वेळापत्रक दोन मिनिटांत लावता येते. पण खरा उपयोग प्रत्येक ॲपला वेगळी वेळ देण्यात आहे. नुसती तासाची मर्यादा लावली तर सगळा तास यूट्यूबवर जातो आणि गणिताच्या ॲपची वेळ आली की फोन कुलूपबंद होतो. यूट्यूबला अर्धा तास द्या आणि अभ्यासाच्या ॲपला ‘अमर्याद’ ठेवा. असे ॲप रोजची वेळ संपल्यावरही चालते. एखाद्या दिवशी जास्त वेळ हवा असेल तर वेळापत्रक मोडू नका, त्या दिवसापुरती जादा वेळ द्या. घरात टॅबही असेल तर रोजची मर्यादा प्रत्येक उपकरणावर स्वतंत्र मोजली जाते, हे विसरू नका. एका तासाचे सहज दोन होतात.

मजकुराच्या गाळणीत पालक जास्त फसतात. क्रोमसाठी `Try to block explicit sites` निवडले की बरीच अश्लील संकेतस्थळे अडतात, पण फक्त क्रोममध्ये. फोन बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा ब्राउझर आधीच टाकलेला असेल, तर त्यातून तीच संकेतस्थळे उघडू शकतात. ॲपच्या यादीत तो शोधून बंद करा. आठवड्याचा वापर पाहताना क्रोमची मिनिटे अगदी कमी आणि दुसऱ्याच एखाद्या ॲपची भरपूर दिसली, तर वाट तिकडून आहे असे समजा.

व्हॉट्सॲपवर येणारे व्हिडिओ आणि निरोप फॅमिली लिंक पाहू शकत नाही, गाळूही शकत नाही. शिवाय १३ वर्षांखालील मुलांना व्हॉट्सॲपचे नेहमीचे खाते उघडता येत नाही. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलीच्या फोनवर ते बंदच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्गाचा ग्रुप आईच्या किंवा बाबांच्या फोनवर असू द्या आणि गृहपाठ तिथून दाखवा.