आग काडीत की पेटीत?

धार जिल्ह्यातल्या गंधवानीपासून सातपुड्यापर्यंतच्या भिल्लांच्या मुलखात म्हातारी माणसं कमरेला चकमक बाळगत. पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि सावरीचा कापूस. गारेवर पोलाद हाणलं की ठिणगी कापसावर पडायची आणि मग फुंकर घालून विस्तव धरायचा. काम वेळखाऊ, पावसात तर जिवावर येणारं. पण तिन्ही वस्तू वेगवेगळ्या असल्यामुळे कमरेला आग लागल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. युरोपातल्या काडेपेटीला नेमकी हीच गोष्ट साधायला जवळपास तीस वर्षं लागली, आणि त्या तीस वर्षांत अनेकांचे जबडे सडले.

सुरुवात झाली इंग्लंडमधल्या स्टॉकटन गावी, जॉन वॉकर नावाच्या औषधविक्रेत्याच्या दुकानात. १८२६ साली तो अँटिमनी सल्फाइड, पोटॅशियम क्लोरेट आणि डिंक यांचं मिश्रण ढवळत होता. ढवळायच्या काडीच्या टोकाला गोळा वाळून बसला. तो खरवडून काढण्यासाठी त्याने काडी चुलीसमोरच्या फरशीवर घासली, तर ती भस्सकन पेटली. पुढच्या वर्षी एप्रिलपासून त्याच्या वहीत या काड्यांच्या विक्रीच्या नोंदी सापडतात. सोबत सँडपेपरचा दुमडलेला तुकडा मिळे, काडी त्यातून ओढायची. वॉकरने पेटंट घेतलं नाही, त्यामुळे लवकरच इतरांनी तिची नक्कल केली. पण या काडीला पेटताना गंधकाची घाण येई, ठिणग्या उडत, कधी पेटता गुल गळून गालिच्यावर पडे.

१८३१ मध्ये शार्ल सोरिया या फ्रेंच विद्यार्थ्याने गुलात पांढरा फॉस्फरस घातला. आता काडी भिंतीवर ओढा, बुटाच्या तळव्यावर ओढा, पेटणारच. अडचण एवढीच, की ती न ओढताही पेटे. पांढरा फॉस्फरस साधारण तीस अंशांना हवेत आपोआप पेट घेतो; आपल्याकडच्या उन्हाळ्याची दुपार त्याला पुरे. खिशात काड्या घासल्या, पायाखाली एखादी आली किंवा उंदराने कुरतडली, तरी आग लागे. शिवाय तो जहाल विष. एका पाकिटातल्या गुलांनी माणूस मरू शके.

कारखान्यातले हाल वेगळेच. काड्या बुडवायच्या खोलीत फॉस्फरसच्या वाफा भरलेल्या असत. किडलेल्या दाताच्या भोकातून विष हाडापर्यंत पोहोचे. आधी दातदुखी, मग हिरड्यांतून पू, आणि शेवटी जबड्याचं हाडच मरून सुटं होई. तोंडाला येणारी दुर्गंधी अशी की घरचे लोक जवळ बसत नसत. उपाय एकच, जबडा काढून टाकणं. १८४५ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्झर यांनी हा आजार काडेपेटीच्या कामाशी जोडून दाखवला.

गंमत अशी की त्याच दशकात, त्याच शहरात, आंटोन श्रोटर हा रसायनशास्त्रज्ञ यावरच्या उताऱ्याजवळ पोहोचत होता. हवा लागू न देता पांढरा फॉस्फरस अडीचशे अंशांच्या आसपास तापवत ठेवला, तर त्याची तांबडी पूड होते. मूलद्रव्य तेच, पण ही पूड अंधारात चमकत नाही, तिला वास नाही, पोटात गेली तरी विषबाधा होत नाही. मग गुलात पांढऱ्याऐवजी तांबडा घातला की झालं, असं वाटेल. पण तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट एकत्र आले, तर नुसत्या घासण्याने स्फोट होतो. म्हणजे ती काडी नव्हे, फटाकाच.

मार्ग स्वीडनमध्ये निघाला. स्टॉकहोमचे प्राध्यापक गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ मध्येच पेटंट घेतलं होतं. फॉस्फरस गुलात ठेवायचाच नाही, तो पेटीच्या कडेला, घासायच्या पट्टीवर लावायचा. गुलात राहील फक्त क्लोरेट आणि जळणारा मसाला. दोघांची गाठ पडेल ती ओढण्याच्या क्षणी, तीही कणभर. मला या सगळ्या कथेत खरा शोध हाच वाटतो. नवा पदार्थ सापडला नाही, आहे त्याची जागा बदलली. पाश यांना मात्र धंदा जमला नाही. तांबडा फॉस्फरस तेव्हा फार महाग होता आणि पट्टी लवकर झिजे.

इथे युनशॉपिंग गावचे लुंडस्ट्रोम बंधू येतात. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात इंग्लिश कारखानदार आर्थर ऑल्ब्राइट यांच्याकडून थोरल्या योहान एडवर्डच्या हाती तांबड्या फॉस्फरसच्या काड्यांचा नमुना आला. त्याने तो कुठेतरी ठेवला आणि विसरला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या तोंडावर तो पुन्हा हाती लागला. काडी ओढली, तर पेटली! चार वर्षं पडून राहूनही ती सादळली नव्हती, खराबही झाली नव्हती. ऑल्ब्राइटने तोवर तांबडा फॉस्फरस कारखान्याच्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली होतीच. लुंडस्ट्रोम पॅरिसला ही काडेपेटी घेऊन गेले आणि पदक मिळवून आले.

आज घरातली काडी ओढताना होतं ते असं. पट्टीवर तांबडा फॉस्फरस, काचेची पूड आणि चिकटवणारा सरस असतो. घर्षणाच्या उष्णतेने तांबड्याचा एक सूक्ष्म कण क्षणभर पांढरा होतो आणि पेटतो. त्या ठिणगीने गुलातलं क्लोरेट फुटून प्राणवायू सोडतं, गंधक धरतं, मग काडीत मुरवलेलं मेण. विझल्यावर निखारा धुमसू नये म्हणून काडी आधी अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यातून काढलेली असते. पावसाळ्यात काडी दगा देते तेव्हा दोष कुणाचा, हे ओळखणं सोपं आहे. गुल भुगा होऊन पडला तर काडी सादळली. गुल शाबूत पण नुसताच घसरतो, तर पट्टी ओली किंवा झिजलेली. दुसऱ्या पेटीची पट्टी वापरून बघावी.

सुरक्षित काडी आली म्हणून विषारी काडी लगेच गेली नाही. लुंडस्ट्रोम यांचे ब्रिटनमधले हक्क घेणाऱ्या ब्रायंट अँड मे कंपनीनेच पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्याही चालू ठेवल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि कुठेही पेटत. १८८८ मध्ये तिथल्या कामगार मुलींनी संप केला. त्यांची कहाणी छापून तो विषय पेटवणाऱ्या बाई म्हणजे पुढे आपल्याकडे होमरूल चळवळ उभारणाऱ्या ॲनी बेझंट. १९०६ मध्ये बर्न इथे बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतात १९१३ साली पांढऱ्या फॉस्फरसच्या काडेपेट्यांवर बंदीचा कायदा झाला.

तोवर भारतात पेट्या मुख्यतः स्वीडन आणि जपानहून येत. १९२२ मध्ये सरकारने आयातीवर बारा डझनांमागे दीड रुपया जकात बसवली. तेव्हा स्वीडिश कंपनीने पेट्या पाठवण्याऐवजी कारखानाच इथे आणला. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, स्थापन झाली आणि अंबरनाथला यंत्रं धडधडू लागली. ज्या सावरीचा कापूस चकमकीला लागे, तिचं मऊ लाकूड काड्यांना चाललं. पण त्याच सुमारास शिवकाशीचे षण्मुग नाडार आणि अय्या नाडार कलकत्त्याला जाऊन हाताने काडेपेट्या बनवायचं तंत्र शिकून आले, आणि स्वीडिश यंत्रांना स्वस्त मजुरीने टक्कर मिळाली. देशभरातल्या वाण्याच्या दुकानात आज दिसतो तो बहुतेक माल तमिळनाडूचा.

डिसेंबर २०२१ मध्ये काडेपेटी एक रुपयाची दोन रुपयांना झाली. चौदा वर्षांतली ती पहिली वाढ. कारखानदारांनी कारणं दिली त्यांत मेण आणि पुठ्ठा होताच, पण यादीत अग्रभागी होता तांबडा फॉस्फरस. त्याचा किलोचा भाव जवळपास दुप्पट झाला होता.